पगार कमी होता आणि नवी कंपनी जुन्या पे-स्लिप मागते आहे: इंदूरहून पुण्याला नोकरी शोधणाऱ्यांसाठी

इंदूरच्या छोट्या कंपनीत दोन-चार वर्षं काढून पुण्यात नोकरी शोधणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या फोनवर तेच तीन प्रश्न येतात: करंट सीटीसी किती, एक्स्पेक्टेड किती, नोटीस पिरियड किती. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तीन लाख असेल, तर दुसऱ्याला तुम्ही काहीही उत्तर द्या, समोरचा माणूस तीन लाखांवर तीस टक्के चढवून मोकळा होतो. कागदावर कुठेही नसलेला हा तीस टक्क्यांचा नियम पुण्याच्या बहुतेक एचआरच्या तोंडात असतो. वर तीन महिन्यांच्या पे-स्लिप मागून ते आकडा पक्का करून घेतात.

मी पलासियाच्या एका ऑफिसातून पुण्याला आलो तेव्हा यातून गेलो आहे. नंतर लोकमान्य नगर, सुदामा नगरातली बरीच मुलं-मुली हेच विचारायला लागली, म्हणून सगळं एकदाच लिहितो आहे. उदाहरण माझ्या आतेबहिणीचं घेतो, कारण तिचे आकडे तिने मला वापरू दिले आहेत. ती सॉफ्टवेअर टेस्टर, तीन वर्षांचा अनुभव, इंदूरमध्ये आई-वडिलांकडे राहणारी.

एक गोष्ट आधीच सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत उमेदवाराला जुना पगार विचारायलाच कायद्याने बंदी आहे. ते वाचून इथे कोणी एचआरला कायदा ऐकवायला जाऊ नका. आपल्याकडे असा कायदा नाही. कंपनी विचारू शकते, स्लिप मागू शकते आणि दिली नाही म्हणून तुम्हाला वगळूही शकते. तुमच्या हातात उरतं ते एवढंच: कुठली गोष्ट कधी सांगायची आणि कुठला कागद कधी द्यायचा. पुढचं सगळं त्याबद्दलच आहे.

१. आधी स्वतःचा खरा आकडा काढा

आपली मुलं इथेच सगळ्यात जास्त नुकसान करून घेतात. खात्यात जमा होते त्या रकमेला बारांनी गुणतात आणि ते ‘सीटीसी’ म्हणून सांगतात. सीटीसी म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो सगळा खर्च. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ येतो आणि ठरलेला बोनसही येतो.

बहिणीची स्लिप अशी होती. बेसिक १३,०००, घरभाडे भत्ता ५,२००, स्पेशल अलाउन्स ५,८००, म्हणजे ग्रॉस २४,०००. त्यातून तिचा पीएफ १,५६० आणि मध्य प्रदेशचा प्रोफेशनल टॅक्स १२५ कापून हातात २२,३१५. या रकमेला बारांनी गुणलं तर २,६७,७८० होतात आणि ती तोच आकडा सगळीकडे भरत होती.

आता नीट हिशोब करा. ग्रॉस २४,००० मध्ये कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,५६० मिळवला की महिन्याचे २५,५६० आणि वर्षाचे ३,०६,७२० होतात. शिवाय दर दिवाळीला १८,००० बोनस खात्यात यायचा आणि तो तिच्या नेमणूकपत्रात लिहिलेला होता. तो धरून ३,२४,७२०. म्हणजे काहीही खोटं न बोलता तिचा आकडा जवळजवळ सत्तावन्न हजारांनी वर गेला.

कंपनीच्या वाट्याचा पीएफ स्लिपवर बहुधा दिसत नाही. तो बघायला ईपीएफओचं पासबुक उघडा. बोनस मात्र नेमणूकपत्रात किंवा बँक स्टेटमेंटमध्ये दिसत असेल तरच धरा. मालकाने खुशीने पाकिटात घालून दिलेले पैसे यात येत नाहीत.

२. खाली कुठपर्यंत जायचं ते घरी बसून ठरवा

फोनवर हा आकडा सुचत नाही, म्हणून तो आधीच वहीत लिहून ठेवा.

तीस टक्क्यांच्या नियमाने बहिणीला काय मिळालं असतं? ३,२४,७२० वर तीस टक्के म्हणजे सुमारे ४,२२,०००. ऐकायला बरं वाटतं. त्यातून दोन्हीकडचा पीएफ १,८०० प्रत्येकी आणि महाराष्ट्राचा प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की महिन्याला हातात साधारण ३१,४०० राहतात. वाकडला दोघींत मिळून घेतलेल्या फ्लॅटचं तिच्या वाट्याचं भाडं ११,००० आणि डबा, येणं-जाणं, बाकी किरकोळ ७,०००. शिल्लक तेरा हजार चारशे.

इंदूरमध्ये ती घरी ५,००० देत होती, तरी सतरा हजार उरत होते. म्हणजे तीस टक्के वाढ घेऊन घर सोडायचं आणि महिन्याला चार हजार कमी वाचवायचे. आईच्या हातचं जेवण जातं ते वेगळंच.

मग उलटा हिशोब मांडला. पुण्यात निदान एकोणीस हजार उरायला हवेत. त्यात अठरा हजार खर्च मिळवला की हातात ३७,०००. त्यावर कपाती धरल्या की ग्रॉस ३९,०००, कंपनीचा पीएफ धरून ४०,८००, आणि वर्षाचे ४,९०,०००. याच्या खाली जायचं नाही, असं ठरलं.

हा हिशोब तुमच्यापुरता आहे, तो एचआरला ऐकवायचा नाही. “पुण्यात भाडं जास्त आहे” हे वाक्य त्यांनी रोज ऐकलेलं असतं आणि त्यावर कंपनी एक रुपयाही वाढवत नाही. शिवाय ते म्हटलं की तुमची गरज उघडी पडते. त्यांच्यापुढे मांडायचं ते कामाचं आणि बाजारभावाचं. त्याच पदाच्या जाहिरातींत छापलेले पगाराचे पल्ले बघा. पुण्याला गेलेल्या आणि तुमच्याएवढाच अनुभव असलेल्या दोघा-तिघांना विचारा. लोक स्वतःचा पगार सांगायला कचरतात, पण “मी किती मागू?” असं विचारलं की मोकळेपणाने सांगतात. बहिणीच्या कामाला साडेपाच ते साडेसहा लाखांचा भाव निघाला, म्हणून तिने मागायचा आकडा ठेवला सहा लाख.

३. पहिल्या फोनवर: सांगा किंवा टाळा, पण फुगवू नका

‘करंट सीटीसी किती’ या प्रश्नाला तीनच सरळ रस्ते आहेत.

पहिला, उलट विचारणं. “या पदासाठी तुमचं बजेट काय ठरलं आहे? ते माझ्या अपेक्षेच्या आसपास असेल तरच दोघांचा वेळ कारणी लागेल.” बरेच रिक्रूटर, विशेषतः मधल्या एजन्सीचे, पल्ला सांगून टाकतात, कारण त्यांना जागा भरायची घाई असते. पल्ला कळला की तुमचा जुना पगार त्या बोलण्यात मागे पडतो.

दुसरा, अपेक्षा सांगून थांबणं. “मी सहा लाखांच्या आसपास बघते आहे. सध्याच्या पगाराचे कागद ऑफर ठरल्यावर नक्की देईन.” यातलं दुसरं वाक्य गाळू नका. ते नसलं तर तुम्ही काही लपवताय असं वाटतं.

तिसरा, खरा आकडा आणि त्याचं कारण एका दमात. “सध्या सव्वातीन लाख आहे. माझी कंपनी पंधरा माणसांची आहे, इंदूरची आहे आणि मी तिथे फ्रेशर म्हणून लागले होते. आज मी ऑटोमेशनचं काम एकटी सांभाळते. त्या कामाच्या भावाने माझी अपेक्षा सहा लाखांची आहे.” आकडा सांगून श्वास घेतलात, तर समोरचा तेवढ्यात तीस टक्के मांडून मोकळा होतो. म्हणून वाक्य अपेक्षेवर संपवायचं.

माझं मत विचाराल तर आधी पहिला रस्ता घ्या, नाही जमला तर दुसरा, आणि दोनदा विचारूनही तोच प्रश्न आला तर तिसरा. तिसऱ्यांदा टाळाटाळ करू नका, फोन तिथेच संपतो.

नोकरीच्या साइटवर आणि कंपनीच्या फॉर्ममध्ये मात्र करंट सीटीसीचा रकाना सक्तीचा असतो. तिथे शून्य किंवा एक टाकायचा सल्ला पुष्कळ जण देतात. मी देत नाही, कारण किमान पगाराची चाळणी लावली की असे अर्ज मशीनच बाजूला काढतं. पहिल्या पायरीत काढलेला पूर्ण आकडा भरा. शेरा लिहायला जागा असेल तर ‘ठरलेला बोनस धरून’ असंही लिहा. तोच आकडा पुढे सगळीकडे सारखा राहायला हवा. साइटवर २.७, फोनवर ३.२ आणि फॉर्ममध्ये ३.५ असं झालं की तिन्ही खरे असले तरी शंका येते.

४. मुलाखतीच्या आधीच स्लिप मागितली तर

स्लिप मागण्याची दोन वेगळी कारणं असतात आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत. ऑफरच्या आधी मागतात ते भाव ठरवायला. ऑफरनंतर मागतात ते तुम्ही सांगितलेलं खरं आहे का हे बघायला. दुसरं कारण रास्त आहे, तिथे खळखळ करू नका. पहिल्याला मात्र नम्रपणे थांबवता येतं.

मेल इंग्रजीतच जाईल, पण त्याचा गाभा असा ठेवा: “मी सध्या तिथेच काम करते आहे याचा पुरावा म्हणून नेमणूकपत्र जोडलं आहे. पदाचा पगार ठरला आणि ऑफर लेखी मिळाली की शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिप त्याच दिवशी पाठवते.”

मधला मार्गही आहे. स्लिपवरचे आकडे झाकून बाकी सगळं दिसेल अशी प्रत पाठवायची आणि मेलमध्ये स्पष्ट लिहायचं, “रकमा मी झाकल्या आहेत, ऑफरनंतर पूर्ण प्रत देईन.” झाकलेलं झाकलं म्हणून सांगितलं तर त्यात काही गैर नाही. बँक खात्याचा नंबर, आधार, यूएएन हे तर या टप्प्यावर नेहमीच झाका, कोणीही मागो. एजन्सीच्या माणसाला व्हॉट्सअॅपवर पाठवलेली स्लिप पुढे कुठे कुठे फिरते हे तुम्हाला कळत नाही.

हे सगळीकडे चालत नाही, तेही सांगतो. मोठ्या सेवा कंपन्या शेकड्याने भरती करतात तेव्हा त्यांच्या पोर्टलवर स्लिप चढवल्याशिवाय अर्ज पुढेच सरकत नाही आणि तिथल्या एचआरच्या हातातही काही नसतं. अशा ठिकाणी पूर्ण स्लिप द्या, पण सोबत कागद जोडा: नेमणूकपत्र, शेवटच्या वाढीचं पत्र, बोनसची नोंद आणि अर्ध्या पानात आज काय काम करता ते. मध्यम आकाराच्या आणि स्वतःचं प्रॉडक्ट असलेल्या कंपन्यांत बोलायला जास्त जागा असते, कारण तिथे ज्या मॅनेजरला माणूस हवा असतो तो एचआरशी भांडतो. म्हणून तांत्रिक फेरी चांगली गेली की त्याच मॅनेजरला आभाराचा मेल करून कामाबद्दल दोन ओळी लिहा. पगाराचा विषय त्यात काढू नका.

५. “आम्ही तीस टक्क्यांच्या वर देत नाही”

हे वाक्य येणारच. बहिणीला तोंडी आकडा आला ४,२५,०००. तिने दिलेलं उत्तर जवळजवळ तिच्याच शब्दांत देतो.

“मॅडम, धोरण असेल हे मी समजू शकते. पण टक्के माझ्या जुन्या कंपनीच्या पगारावर लागताहेत आणि काम तुमच्याकडचं आहे. याच कामाला तुमच्या टीममध्ये तीन वर्षांच्या अनुभवाचा जो पल्ला आहे, त्यात मी कुठे बसते तेवढं सांगाल का? त्या पल्ल्याच्या खाली मला घ्यायचं असेल तर मुलाखतीत कुठे कमी पडले तेही ऐकायला आवडेल.”

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मुलाखत चांगली झाली असेल तर त्यांना “कमी पडलात” म्हणता येत नाही आणि मग जुना पगार हे एकच कारण उरतं. त्यांनी दोन दिवस मागितले. मग ४,९०,००० आले. तिने पुन्हा एकदा, एकदाच, सांगितलं की साडेपाचच्या पुढे असेल तर मी आजच होकार देते. ऑफर आली ५,६०,०००, त्यातले ४०,००० व्हेरिएबल, म्हणजे कंपनीच्या आणि तुमच्या कामगिरीवर अवलंबून.

जुन्या सव्वातीन लाखांशी तुलना केली तर ही बहात्तर टक्के वाढ. पण तिच्या कामाच्या भावात बघितलं तर ती खालच्या टोकालाच बसली. वाढ मोठी दिसते म्हणून कोणी “एवढी मागू नये” असं म्हणालं तर हे लक्षात ठेवा.

तुमचा ठरवलेला तळ नेहमी व्हेरिएबल सोडून तपासा. इथे खात्रीचे ५,२०,००० होते, तळ ४,९०,०००, म्हणून ठीक. शिवाय ऑफरच्या तक्त्यात ग्रॅच्युइटी आणि विम्याचा हप्ता सीटीसीत धरला आहे का ते बघा. तेही दर महिन्याला हातात येत नाहीत.

दुसऱ्या कंपनीची खरी ऑफर हातात असेल तर ती दाखवायला हरकत नाही, टक्क्यांची गाठ त्याने सगळ्यात लवकर सुटते. नसलेली ऑफर आहे म्हणून सांगू नका. पत्र मागितलं की बोलणं तिथेच संपतं.

६. क्रम: ऑफर, स्लिप, पक्कं उत्तर, मग राजीनामा

या लेखातली एकच पायरी वाचणार असाल तर ही वाचा.

फसगत कशी होते ते बघा. फोनवर साडेपाच ठरतात. मुलगा आनंदात दुसऱ्या दिवशी राजीनामा देतो, छप्पनवर मित्रांना पार्टी देतो. पंधरा दिवसांनी पडताळणीसाठी स्लिप जातात आणि एचआरचा फोन येतो, “तुमचा पगार इतका कमी होता हे आम्हाला माहीत नव्हतं, ऑफर सुधारावी लागेल.” आता जुनी नोकरी सुटलेली, नोटीस चालू, आणि मग साडेचारलाही हो म्हणावं लागतं.

हे टाळायचं तर कागद या क्रमाने हलले पाहिजेत. आधी पगाराच्या तक्त्यासकट लेखी ऑफर घ्या. मग स्वतःहून पूर्ण स्लिप पाठवा आणि मेलमध्ये विचारा: “सोबत तीन महिन्यांच्या स्लिप जोडल्या आहेत. माझा सध्याचा पगार ३,२४,७२० आहे. ऑफरमधला पगार यावर अवलंबून बदलणार नाही ना, एवढं मेलने कळवावं, म्हणजे मी राजीनामा देते.” त्यांचं “हो, पक्कं आहे” असं उत्तर इनबॉक्समध्ये आल्यावरच राजीनामा टाका.

जुना पगार तुम्ही आधी सांगितला नसेल तर ही पायरी दुप्पट महत्त्वाची. न सांगणं आणि खोटं सांगणं यात फरक आहे, पण तो फरक टिकतो तुम्ही राजीनाम्याआधी सगळं उघड केलंत तरच. या टप्प्यावर काही कंपन्या आकडा खाली आणतात. आणला तरी तुमची जुनी नोकरी हातात आहे आणि तुम्ही पुन्हा पाचव्या पायरीवर बोलू शकता.

७. स्लिप ‘दुरुस्त’ करून देणारे

भंवरकुआँच्या बाजूला कोचिंगच्या गर्दीत प्रिंटिंगची दुकानं आहेत, आणि “भिया, स्लिप बनवून देतो” म्हणणारा कोणी ना कोणी ओळखीतला निघतोच. पीडीएफमध्ये २४ चे ४४ करणं सोपं आहे. पकडलं जाणंही तेवढंच सोपं आहे.

पडताळणी करणारी संस्था स्लिप एकटी बघत नाही. ती बँक स्टेटमेंट मागते आणि पगार जमा झालेल्या ओळी जुळवते. जुन्या कंपनीला मेल करते. यूएएनवरून तुम्ही कुठे, कधीपासून कधीपर्यंत होता हे बघते. बहिणीच्या पासबुकात दर महिन्याला पीएफ १,५६० आहे, म्हणजे बेसिक १३,००० हे उघड आहे, कारण पीएफ त्याच्या बारा टक्के असतो. तिथे स्लिपवर बेसिक २५,००० दाखवलं तर जोडच बसत नाही. काही जण म्हणतात, “माझा पीएफ १,८०० वर थांबलेला आहे, त्यावरून पगार कळत नाही.” खरं आहे, पुष्कळ कंपन्या १५,००० च्या मर्यादेवरच पीएफ भरतात. पण बँकेतली जमा रक्कम कुठे लपवणार?

पकडलं गेलं की ऑफर रद्द होते. रुजू झाल्यावर कळलं तर काढून टाकतात आणि मग पुढच्या पडताळणीत त्या कंपनीचा शेरा आडवा येतो. बनावट कागद खरा म्हणून वापरणं हा फौजदारी गुन्हाही आहे. कमी पगार हे वाटाघाटीतलं अडचणीचं कलम आहे, पण खोट्या स्लिपनंतर वाटाघाटच उरत नाही.

८. स्लिपच नाही, किंवा अर्धा पगार रोख

सियागंज, राजवाड्याच्या पेढ्यांतून आलेल्यांची अडचण वेगळी असते. बँकेत बारा हजार, हातात दहा हजार रोख, आणि स्लिप कधी पाहिलेलीच नाही.

स्लिप देणं हे मालकाचं काम आहे, उपकार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत ते स्पष्ट लिहिलं आहे. तरी मालकाला कायदा दाखवून सुरुवात करू नका. “दादा, बँकेला लोनसाठी लागते आहे” असली थापही मारू नका. सरळ मेल किंवा मेसेज करा: “गेल्या सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिप किंवा लेटरहेडवर पगाराचा दाखला द्यावा.” लेखी मागितलं की निदान मागितल्याचा पुरावा राहतो. दाखल्यावर पद, रुजू झाल्याची तारीख आणि महिन्याचा पगार एवढं असलं तरी पुरतं.

रोख भागाबद्दल नव्या कंपनीला दोन आकडे वेगळे सांगा: “बँकेतून बारा हजार, त्याचं स्टेटमेंट आहे. याशिवाय दहा हजार रोख मिळत होते, त्याचा कागद नाही.” काही एचआर दुसरा आकडा धरतात, काही धरत नाहीत. पण दोन्ही एकत्र करून ‘बावीस हजार’ असं फॉर्ममध्ये लिहिलं आणि स्टेटमेंटमध्ये बारा निघाले, तर रोखीची गोष्ट खरी असूनही तुम्ही खोटे ठरता.

फॉर्म १६ हाही असाच एक अडसर. पगारातून टॅक्स कापला गेला असेल तर मालकाला फॉर्म १६ द्यावाच लागतो. तुमच्या पगारावर टॅक्सच बसत नव्हता तर तो बहुधा निघालेलाच नसतो. एचआरला लिहा: “माझ्या उत्पन्नावर टीडीएस कापला गेला नाही, म्हणून फॉर्म १६ मिळालेला नाही. त्याऐवजी बँक स्टेटमेंट जोडते आहे.” रिटर्न भरला असेल तर त्याची पोचही चालते. आयकराच्या साइटवरून एआयएस डाउनलोड करून ठेवा, कंपनीने तुमचा पगार कळवला असेल तर तो त्यात दिसतो.

९. जवळ ठेवायचे कागद

राजीनाम्यानंतर ऑफिसचा मेल आणि एचआरचं पोर्टल बंद होतं, म्हणून हे सगळं आधीच स्वतःच्या मेलवर घ्या:

- शेवटच्या सहा महिन्यांच्या स्लिप (मागतात तीनच, पण एखादा महिना बिनपगारी रजेचा असतो)
- नेमणूकपत्र आणि प्रत्येक पगारवाढीचं पत्र
- बोनस जमा झाल्याची बँकेची नोंद
- सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, बँकेच्या साइटवरून काढलेलं मूळ पीडीएफ
- ईपीएफओचं पासबुक
- फॉर्म १६ किंवा रिटर्नची पोच, असेल तर
- नव्या कंपनीची लेखी ऑफर आणि पगार पक्का असल्याचा त्यांचा मेल

रिलीव्हिंग लेटर शेवटच्या दिवशी मिळेल असं धरून चालू नका. छोट्या ऑफिसांत ते लांबतं. राजीनामा स्वीकारल्याचा मेल असेल तर बहुतेक कंपन्या रुजू करून घेतात आणि पत्र नंतर द्यायला सांगतात.

स्टेटमेंट देताना घरचे बाकी व्यवहार दाखवायची गरज नाही. पगाराच्या ओळी सोडून बाकी झाकू का, असं आधी विचारा. काही संस्था झाकलेलं चालवून घेतात, काहींना मूळ पीडीएफच लागतं. तसं असेल तर पुढच्या वेळेसाठी पगाराचं खातं वेगळं ठेवा, त्यातून किराणा आणि यूपीआय करू नका.

रुजू झाल्यावर पगार विभाग पुन्हा एकदा जुन्या नोकरीतला त्या आर्थिक वर्षाचा पगार आणि कापलेला टॅक्स विचारेल. “आता पुन्हा कशाला?” म्हणून टाळू नका. हा प्रश्न भाव ठरवायला नसतो, वर्षाचा टॅक्स नीट कापला जावा म्हणून असतो. ऑगस्टमध्ये रुजू झालात आणि एप्रिल ते जुलैचा पगार सांगितला नाही, तर नवी कंपनी फक्त स्वतःच्या पगारावर टॅक्स मोजते. दोन्ही मिळून उत्पन्न करपात्र होत असेल, तर रिटर्न भरताना राहिलेली रक्कम तुम्हालाच एकरकमी भरावी लागते.